फ्यूज बॅटरीपाशीच का?

दुचाकीवर मोबाइल चार्ज करायचं यूएसबी सॉकेट आता कुठल्याही स्पेअर पार्टच्या दुकानात मिळतं. त्याला लाल आणि काळी अशा दोन वायरी असतात. बऱ्याच सॉकेटच्या लाल वायरीत मध्येच एक छोटी प्लास्टिकची डबी असते, तिच्यात फ्यूज. सॉकेट हँडलवर कुठे शोभेल यावर चर्चा होते. ही डबी कुठे बसली याकडे कुणी बघत नाही.

दुचाकीचा लोखंडी सांगाडा बॅटरीच्या निगेटिव्हला जोडलेला असतो. त्यामुळे लाल वायरीचं प्लास्टिक कुठेही घासून आतलं तांबं सांगाड्याला टेकलं की झाला शॉर्ट. तसं घासायला जागाही भरपूर असतात. हँडल डावी-उजवीकडे वळतं तिथे वायर दिवसातून शेकडो वेळा वाकते. एरवी या वायरीतून जेमतेम एक-दोन अँपिअर करंट जातो. शॉर्ट झाला की सेल्फ स्टार्टर फिरवणारी तीच बॅटरी सगळा जोर त्या बारीक वायरीत ओतते. प्लास्टिक वितळायला काही सेकंद पुरतात, आणि मोटरसायकलवर ही वायर बहुधा पेट्रोलच्या टाकीखालून गेलेली असते.

हा फ्यूज मोबाइल वाचवतो असा अनेकांचा समज आहे. तो वाचवतो वायर, तीही स्वतःच्या पुढची. बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधल्या तुकड्याला कुणीच वाली नसतो. म्हणून तो तुकडा जितका आखूड तितका बरा. वीतभरापेक्षा जास्त नकोच. डबी हँडलपाशी असेल, तर सीटखालून पुढे आलेली अख्खी वायर उघड्यावर पडली म्हणायची.

फ्यूज किती अँपिअरचा, हे साध्या हिशेबाने निघतं. समजा, 110 सीसीची स्कूटर आहे आणि सॉकेट 18 वॅटचं. व्होल्टेज उतरवताना थोडी वीज उष्णतेत जाते, म्हणून बॅटरीकडून साधारण 21 वॅट घेतले जातील. त्याला 12 व्होल्टने भागलं की पावणेदोन अँपिअर. इथे 3 अँपिअरचा जांभळा पात्यांचा फ्यूज पुरतो. वायर 0.75 चौरस मिलिमीटरची असली की झालं.

आता जोडणी. आधी बॅटरीचं निगेटिव्ह सोडवा, मगच पॉझिटिव्ह. उलट केलंत आणि पॉझिटिव्हवरचा पान्हा सांगाड्याला लागला, तर ठिणग्या तिथेच उडतील. वायरीची टोकं नुसती पिळून स्क्रूखाली दाबू नका. गोल थिंबल दाबून बसवा. फ्यूज डबीतून काढूनच ठेवा. वायर मूळ वायरिंगच्या सोबतीने न्या, सायलेन्सरपासून लांब ठेवा आणि हँडलपाशी थोडी ढील सोडा. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून वायर ताणत नाही ना, हे पाहा. मग आधी पॉझिटिव्ह जोडा, नंतर निगेटिव्ह. फ्यूज सगळ्यात शेवटी.

थेट बॅटरीवरून घेतलेल्या जोडणीची एक खोट आहे: चावी काढली तरी सॉकेट जागंच राहतं. त्यावरचा निळा दिवा किंवा व्होल्टेजचे आकडे 10 मिलिअँपिअर खात असतील, तर दिवसाला पाव अँपिअर-तास जातो. अनेक स्कूटरमधली बॅटरी जेमतेम 3 अँपिअर-तासांची. मे महिन्यात गाडी बंद करून आठवडाभर गावाला गेलात, तर परतल्यावर सेल्फ नुसता टकटक करेल. म्हणून बटण असलेलं सॉकेट घ्या, आणि ते बटण बंद करायची सवय लावा. विसराळू माणसाने इलेक्ट्रिशियनकडून चावीवर चालणारा रिले बसवून घ्यावा. सॉकेट चावीशिवाय किती खातं ते मल्टिमीटरवर कळतं; तो लाल वायरीत फ्यूजच्या जागी जोडून चावी बंद असताना आकडा बघायचा.

फ्यूज एकदा उडाला तर नवा टाकून बघावा. पुन्हा उडाला तर वायर कुठेतरी घासली आहे किंवा सॉकेटमध्ये पाणी शिरलंय, असं धरून शोध घ्यावा. पावसाळ्यात रबराचं झाकण उघडं राहिलं की आतल्या पट्ट्यांवर हिरवट थर दिसतो. अशा वेळी 10 अँपिअरचा लाल फ्यूज ठोकून देणं किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळणं म्हणजे फ्यूज नसण्यातच जमा. डबी हाताला गरम लागत असेल, तर आतली पकड सैल झाली आहे, डबीच बदलावी.

सॉकेट आधीच गॅरेजमधून बसवून घेतलं असेल, तर आज सीट उघडा आणि लाल वायर बॅटरीपासून चाचपत पुढे जा. वीतभरात फ्यूजची डबी हाताला लागली नाही, तर ती बॅटरीपाशी आणून मागा. अर्ध्या तासाचंही काम नाही.