त्या रकान्यात काय लिहायचे?

मागच्या वर्षी रविवारच्या वंदनेनंतर नालासोपाऱ्यातील एक माउली विहारात आमच्याकडे आल्या. बरोबर मुलगा होता. मुलाचे नाव एका सरकारी कार्यालयाच्या निवड यादीत आले होते, पण घरात आनंद नव्हता. माउलींच्या हातात साक्षांकन नमुना होता. "भाऊ, या रकान्यात काय लिहायचं तेवढं सांगा. खरं लिहिलं तर नोकरी जाईल, खोटं लिहिलं तर पोरगं फसेल," एवढे बोलून त्या खाली बसल्या.

तो रकाना आपल्या पुष्कळ घरांना माहीत आहे. त्यात एका ओळीत एक प्रश्न नसतो. कधी अटक झाली होती काय? खटला चालला काय? न्यायालयाने दंड केला काय? शिक्षा झाली काय? सध्या एखादा खटला प्रलंबित आहे काय? असे वेगवेगळे प्रश्न असतात आणि प्रत्येकाचे उत्तर वेगळे असू शकते. आपली मुले भीतीपोटी सगळीकडे 'नाही' लिहून मोकळी होतात. घोटाळा तेथेच होतो.

या मुलाची हकिकत अशी. १ जानेवारी २०१८ रोजी भीमा कोरेगाव येथे हल्ला झाला आणि ३ जानेवारीला महाराष्ट्र बंद झाला. तेव्हा हा एकोणीस वर्षांचा होता. घोषणा देणाऱ्या जमावात उभा होता. पोलिसांनी बेकायदा जमावाचे कलम लावून अटक केली आणि मग जामिनावर सोडले. पुढे बंदच्या काळातील बरेच खटले मागे घेण्याचे सरकारने ठरविले. ती बातमी वाचून घरच्यांनी समजूत करून घेतली की खटला संपला.

येथे नीट समजून घेतले पाहिजे. सरकारने जाहीर केले म्हणून खटला मागे जात नाही. सरकारी वकिलाला न्यायालयात अर्ज करावा लागतो आणि न्यायालयाने परवानगी द्यावी लागते. आरोप निश्चित होण्यापूर्वी परवानगी मिळाली तर आरोपी आरोपमुक्त होतो, नंतर मिळाली तर निर्दोष सुटतो. तो हुकूम होईपर्यंत कागदावर खटला प्रलंबितच असतो. आम्ही मुलाला घेऊन वसईच्या न्यायालयात गेलो, खटल्याचा क्रमांक शोधला आणि नकलेसाठी अर्ज केला. हुकूम झालेला होता. त्याची सही-शिक्क्याची नक्कल हाती आली तेव्हा उत्तर सोपे झाले. अटक झाली होती काय, होय. खटला दाखल झाला होता काय, होय. शिक्षा किंवा दंड, नाही. प्रलंबित, नाही. सोबत नक्कल जोडली आणि घटनेबद्दल चार ओळी लिहिल्या.

एवढे खरे लिहिण्याचे धैर्य आम्हाला सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालाने दिले. अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या खटल्यात २१ जुलै २०१६ रोजी तीन न्यायमूर्तींनी या रकान्याबाबत नियम घालून दिले. माहिती खरी द्यावी, हा पहिला नियम. पण कोणी ती लपविली तरी डोळे मिटून त्याला काढू नये, गुन्हा कसला होता ते पाहावे, असेही त्यांनी सांगितले. क्षुल्लक गुन्ह्याचे उदाहरण देताना न्यायालयाने तरुण वयात घोषणा देणे हेच उदाहरण दिले आहे. अशा प्रकरणी शिक्षा झालेली असली आणि ती लपविली गेली असली, तरी नेमणूक करणारा अधिकारी ती चूक माफ करू शकतो. मोर्चात वाढलेल्या आपल्या समाजाने हे वाक्य ध्यानात ठेवावे.

याच निकालात दुसरी मोलाची गोष्ट आहे. प्रश्न स्पष्ट असला पाहिजे आणि जे विचारले आहे तेवढेच सांगणे उमेदवारावर बंधनकारक आहे. 'शिक्षा झाली आहे काय?' एवढेच विचारले असेल आणि फक्त अटक झाली असेल, तर 'नाही' हे खरे उत्तर आहे. त्याला लपवाछपवी म्हणता येत नाही. मात्र ती गोष्ट पुढे कळली तर उमेदवाराची योग्यता ठरविताना अधिकारी ती विचारात घेऊ शकतो.

निकालाची मर्यादाही सांगितली पाहिजे. खरे लिहिले म्हणजे नोकरी मिळालीच असे नाही. पूर्वचरित्र तपासण्याचा अधिकार राहतो, विशेषतः पोलीस आणि सुरक्षा दलांत. रेल्वे सुरक्षा दलातून काढलेल्या पवन कुमार यांना मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने न्याय दिला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सतीशचंद्र यादव यांच्या खटल्यात माहिती लपविणाऱ्या केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या जवानाला मात्र दाद मिळाली नाही. म्हणून लपविणे हा जुगार आहे. आमच्या त्या मुलाला तीन महिन्यांनी नेमणुकीचे पत्र आले.

आता खासगी नोकरीकडे वळू. वालीव, गोखिवरे, सातिवलीच्या कारखान्यांत कंत्राटदार पोलीस पडताळणीचा दाखला मागतात. खासगी मालकाने काय विचारू नये हे सांगणारा वेगळा कायदा आपल्याकडे नाही. इंग्लंडमध्ये १९७४ पासून असा कायदा आहे. तेथे दंडाची शिक्षा एक वर्षाने 'सरलेली' धरली जाते आणि बहुतेक नोकऱ्यांत ती सांगावी लागत नाही. आपल्याकडे प्रौढाची शिक्षा अशी कधीच सरत नाही. हे संरक्षण आपल्याकडे फक्त मुलांना आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम २४ नुसार अठरा वर्षांखालील गुन्ह्याचा डाग पुढे नोकरीत लागत नाही. सोळा वर्षांवरील मुलाचा अतिगंभीर गुन्हा एवढाच त्याला अपवाद.

सर्वांत जास्त फटका वॉचमनच्या नोकरीत बसतो. खासगी सुरक्षा एजन्सीविषयीच्या २००५ च्या कायद्यात, न्यायालयाने दोषी ठरविलेल्या माणसाला सुरक्षारक्षक नेमू नये असे कलम आहे. त्यात लहान-मोठा, जुना-नवा असा भेद केलेला नाही. इकडे आपली माणसे चाळीतल्या भांडणात तारखा चुकवायला म्हणून गुन्हा कबूल करतात, पाचशे रुपये दंड भरतात आणि 'सुटलो' म्हणतात. ते सुटलेले नसतात, दोषी ठरलेले असतात. पुढे दहा वर्षांनी त्याच पाचशे रुपयांपायी रोजी जाते.

म्हणून कबुली देण्यापूर्वी वकिलाला दोन गोष्टी विचारा. गुन्हा आपसात मिटण्यासारखा आहे काय? तसा मिटला तर कायद्याने ती निर्दोष सुटकाच ठरते. मिटण्यासारखा नसेल तर १९५८ च्या परिवीक्षा कायद्याचा लाभ मागता येईल काय? न्यायालयाने त्या कायद्याखाली समज देऊन किंवा चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडले, तर कलम १२ नुसार दोषी ठरल्यामुळे येणारी अपात्रता लागत नाही. वकिलाला पैसे नाहीत ही अडचण सांगू नका. अनुसूचित जातीच्या माणसाला उत्पन्नाची अट न लावता फुकट वकील मिळतो आणि १९९० पासून त्या यादीत बौद्धही आहेत. वसईच्या तालुका विधी सेवा समितीकडे जातीच्या दाखल्यासह अर्ज करावा.

आमची मागणी एवढीच की जुन्या, किरकोळ शिक्षा काही वर्षांनी सरल्या असे मानणारा कायदा प्रौढांसाठीही व्हावा. तो होईपर्यंत ज्या घरात जुना खटला आहे त्या घराने निकालाची नक्कल आजच काढून ठेवावी. नमुना हाती आल्यावर मुदत थोडी असते आणि नक्कल मिळायला दिवस लागतात.