भादरू नका, वाळवा: पावसाळ्यातला स्पिट्झ आणि त्याचा दुहेरी कोट

१९९४ सालच्या ‘हम आपके हैं कौन’मधला टफी आठवत असेल, तर ज्या कुत्र्याबद्दल मी लिहिते आहे तो तुमच्या डोळ्यांसमोर आला असेल. पांढराशुभ्र, टोकदार कानांचा, पाठीवर शेपूट वळवलेला. आपल्याकडे घरोघरी त्याला पॉमेरियन म्हणतात, पण त्यातले बहुतेक इंडियन स्पिट्झ असतात. इंग्रजांच्या काळात इथे आलेल्या स्पिट्झ कुळातल्या कुत्र्यांपासून ही जात तयार झाली. पिढ्यान्‌पिढ्या इथल्या हवेत राहूनही थंड प्रदेशातल्या पूर्वजांचा दुहेरी कोट तिने टिकवला आहे.

उकाडा वाढला की या कुत्र्यांचे मालक हळहळतात, ‘एवढे केस, किती उकडत असेल बिचाऱ्याला,’ आणि त्याला सलूनमध्ये नेऊन मशीन मारून आणतात. हेतू प्रेमाचा असतो, पण या जातीच्या कुत्र्याला त्यातून आराम थोडा आणि नुकसान फार मिळतं. त्याला ज्या गोष्टीची गरज असते ती वेगळीच असते. आतली सुटी लव काढून टाकणं आणि कातडी कोरडी ठेवणं.

दोन थरांची वेगवेगळी कामं

स्पिट्झच्या पाठीवरचे केस बोटांनी दुभंगून पाहा. वर लांब, सरळ, थोडे राठ केस दिसतील. कातडीतून येणारा तेलकट अंश त्यांच्यावर पसरलेला असतो, त्यामुळे पावसाच्या हलक्या सरी वरच्यावर ओघळून जातात. ऊन आणि ओरखडे यांचा मारही हेच केस झेलतात. त्यांच्याखाली कापसासारखी दाट, मऊ लव असते. हा अंडरकोट. तो हवा धरून ठेवतो आणि थंडीत ऊब देतो.

ही लव गळते, पण सगळीच खाली पडत नाही. बरीचशी वरच्या केसांत अडकून राहते. कान, काखा आणि मांड्यांच्या मागे तिचे गुंते होतात. उकाड्यात कुत्र्याला जो त्रास होतो, त्यातला मोठा वाटा या साठलेल्या मेलेल्या लवेचा असतो. ती विंचरून काढली की केसांतून वारा कातडीपर्यंत पोहोचतो आणि वरचा संरक्षक थर जागेवर राहतो.

केस कापल्यावर आपल्याला हलकं वाटतं, कारण आपण अंगभर घामेजतो आणि तो घाम वाळताना शरीर गार होतं. कुत्र्याच्या अंगावर असा घाम येत नाही. थोडाफार घाम येतो तो पंजांच्या गाद्यांना. तो गार होतो मुख्यतः धापा टाकून. जीभ, तोंड आणि नाकातल्या ओलाव्याची वाफ होते आणि उष्णता निघून जाते. मुंबईच्या जुलैसारख्या दमट हवेत ही वाफच नीट होत नाही आणि भादरलेल्या कुत्र्यालाही ही अडचण तशीच राहते. कोट काढल्यावर कातडीवाटे थोडी जास्त उष्णता बाहेर पडते, हे खरं आहे. पण पंखा, सावली, पिण्याचं गार पाणी आणि पोट टेकायला थंड फरशी यांनी त्याहून अधिक उतार पडतो. पोटावरचे केस विरळ असतात, म्हणूनच कुत्रा शहाबादी फरशीवर पाय पसरून पालथा पडतो.

मशीन मारल्यावर काय होतं

पूडलचे केस वाढतच राहतात, म्हणून ते नियमित कापावे लागतात. स्पिट्झ, पॉमेरियन, हस्की, चाऊ चाऊ यांचे वरचे केस ठरावीक लांबीपर्यंत वाढतात आणि मग बराच काळ मुळाशी नुसते टिकून राहतात. त्या अवस्थेत मशीन फिरलं, तर मुळाला नवा केस उगवण्याची घाई नसते. सहा महिने, वर्षभर, कधी त्याहून जास्त काळ भादरलेला भाग तसाच राहतो. पशुवैद्यकात या स्थितीला क्लिपिंगनंतरचं टक्कल म्हणतात. शस्त्रक्रियेसाठी किंवा सोनोग्राफीसाठी पोटावरून मशीन फिरवलं तरीही ते पडू शकतं.

प्रत्येक कुत्र्याच्या बाबतीत असं घडत नाही. काहींचा कोट पुढच्या केसगळतीनंतर पूर्ववत होतो. पण कोणाचा होईल आणि कोणाचा नाही, हे आधी सांगता येत नाही. बऱ्याचदा अंडरकोट आधी वाढतो आणि वरचे केस मागे राहतात. मग अंगावर राहते ती नुसती लोकरीसारखी लव. तिच्यावर पाणी ओघळत नाही, ते आत मुरतं. गुंते पूर्वीपेक्षा लवकर होतात. म्हणजे उन्हाळ्यात भादरलेला कुत्रा पावसाळ्यात अधिक ओला राहतो. शिवाय पांढऱ्या स्पिट्झच्या उघड्या पडलेल्या फिकट कातडीला ऊन भाजतं आणि पात्यांच्या घर्षणाने पुरळ उठतं ते वेगळंच.

पावसाळ्यातली खरी अडचण

अंडरकोट एकदा मुळापर्यंत भिजला की दमट हवेत तो ओल्या गोधडीसारखा वाळायचं नावच घेत नाही. वरून हात फिरवला तर कुत्रा कोरडा वाटतो, कातडीशी मात्र ओल आणि ऊब दोन्ही टिकून असतात. तिथे यीस्ट आणि जिवाणू झपाट्याने वाढतात. पहिली खूण वासाची असते. आंघोळीनंतर एक-दोन दिवसांतच कुबट, आंबूस वास येऊ लागला, तर शाम्पू कमी पडला असं समजू नका. बहुधा कुत्रा नीट वाळला नव्हता.

म्हणून पावसाळ्यातली आंघोळ कशी असावी ते एका उदाहरणाने पाहू. समजा, ठाण्यातल्या फ्लॅटमध्ये नऊ-दहा किलोचा स्पिट्झ आहे, कातडी निरोगी आहे आणि जुलै चालू आहे. तीन-चार आठवड्यांतून एक आंघोळ त्याला पुरते. ती सकाळी घालावी, म्हणजे वाळायला दिवस मिळतो. टिक आणि पिसवांसाठी मानेवर थेंबांचं औषध टाकलं असेल, तर त्याच्या आधी आणि नंतर दोन दिवस सहसा आंघोळ टाळतात. पाकिटावरची सूचना मात्र नक्की वाचा.

आंघोळीआधी विंचरणं हे सर्वांत महत्त्वाचं, कारण गुंता भिजला की आवळतो आणि मग सुटत नाही. एका हाताने केस वर धरा, खालून एकेक पट्टा सोडत कातडीपासून टोकापर्यंत स्लिकर ब्रश फिरवा. शेवटी स्टीलचा कंगवा कातडीला टेकवून ओढा. तो कुठेही न अडता निघाला, तरच आंघोळीला सुरुवात करा. गुंता मिळाला तर बोटांनी आणि कंगव्याच्या टोकाने तो थोडा थोडा सोडवा.

पाणी कोमट असावं. वरचे केस पाणी झटकतात, म्हणून कातडी भिजायला काही मिनिटं जातात. कुत्र्यांसाठीचा सौम्य शाम्पू मगभर पाण्यात पातळ करून घ्या, म्हणजे तो दाट केसांत सारखा पसरतो. माणसाचा शाम्पू नको. कुत्र्याची कातडी आपल्यापेक्षा कमी आम्ल असते. फरशी पुसायचं जंतुनाशकही बादलीत घालू नका, त्याने कातडी चुरचुरते आणि चाटल्यावर ते पोटात जातं. फेस धुवायला, तो लावायला लागला त्याच्या दुप्पट वेळ द्या. राहिलेला शाम्पूही खाज आणतो. आंघोळीनंतर खोबरेल तेल चोळण्याची पद्धत या हवामानात सोडलेली बरी. तेलकट थरात धूळ बसते आणि यीस्टला खाद्य मिळतं.

आता वाळवणं. पंचा केसांवर दाबून पाणी टिपा. खसाखसा पुसलं तर नवे गुंते होतात. दोन-तीन पंचे लागतीलच. त्यानंतर ब्लोअर, शक्यतो थंड किंवा कोमट हवेचा. हवेच्या झोताने केस दुभंगतात आणि कातडी दिसते, तिथपर्यंत वाळवत पट्ट्यापट्ट्याने पुढे जा. आपला हेअर ड्रायर वापरायचा असेल तर सर्वांत कमी तापमानावर, हातभर अंतरावरून आणि सतत हलवत. काम झालं असं वाटलं की कानांमागे, काखेत, मांड्यांच्या मागे आणि शेपटीच्या बुडाशी बोट कातडीपर्यंत घाला. गार लागलं तर अजून ओल आहे. अर्ध्या तासाने पुन्हा तपासा. आतली ओल तोवर वर येते. कातडी कोरडी लागेपर्यंत गळ्यात पट्टा घालू नका.

रोज पावसातून फिरून आल्यावर मात्र आंघोळ घालू नका. फक्त पाय आणि पोट साध्या पाण्याने धुवा, बोटांच्या बेचक्या पुसा, पट्टा काढा आणि कुत्र्याला पंख्याखाली बसवा. पंजांच्या गाद्यांमधले वाढलेले केस कातरले तर चिखल आणि ओल कमी अडकते. तेवढं कातरणं पूर्ण सुरक्षित आहे.

मशीन कधी लागतं

काही वेळा केस काढावेच लागतात. दाट केसांच्या कुत्र्यांना, विशेषतः गोल्डन रिट्रीव्हरना, पावसाळ्यात हॉट स्पॉट होतात. कुत्रा एकच जागा चाटत-चावत राहतो आणि काही तासांत तिथे लाल, ओलसर, दुखरा चट्टा पडतो. वरचे केस त्यावर चिकटतात, म्हणून तो उशिरा दिसतो. अशा वेळी पशुवैद्य त्या भागाभोवतीचे केस कापून जखम उघडी आणि कोरडी ठेवतात. सोडवता न येणाऱ्या घट्ट जटांनी कातडी ओढली जात असेल किंवा शस्त्रक्रिया असेल, तेव्हाही मशीन योग्यच. तिथे टकलाची जोखीम लहान असते आणि उपचार मोठा.

कुत्रा आधीच भादरला गेला असेल, तर त्याला दुपारच्या उन्हात नेऊ नका, उगवणारी लव आठवड्यातून दोन-तीनदा विंचरत राहा आणि वाट पाहा. केस लवकर आणणारं खात्रीचं औषध नाही. वर्ष उलटूनही केस आले नाहीत, दोन्ही बाजूंना सारखं टक्कल पडत चाललं, कातडी काळवंडली, वजन वाढलं किंवा कुत्रा फार पाणी पिऊ लागला, तर दोष मशीनचा नसेल. थायरॉइड किंवा अ‍ॅड्रिनल ग्रंथींचे आजारही असेच दिसतात आणि ते रक्ततपासणीशिवाय कळत नाहीत.

सलूनमध्ये गेलात तर ‘उन्हाळी कट’ एवढंच सांगून बाहेर बसू नका. झिरो मशीन नको, अंडरकोट विंचरून काढा, पंजे आणि शेपटीखालचा भाग कातरा आणि कातडीपर्यंत वाळवा, असं स्पष्ट सांगा. घरी आणल्यावर काखेत आणि कानामागे बोट घालून स्वतः पाहा. ओल लागली तर त्याच दिवशी पंख्याखाली केस दुभंगून वाळवा, कारण हॉट स्पॉट पडायला एक रात्रही पुरते.