बटणावरची बरोबरची खूण किती वेळ दिसावी?

औषधाच्या दुकानात बिल करणाऱ्या माणसाचा विचार करा. ‘जतन करा’ दाबलं की बटणावर चक्र फिरतं, मग हिरवी खूण सावकाश उमटते. पहिल्यांदा छान वाटतं. पण ती खूण 1.8 सेकंद चालत असेल आणि तोवर पुढचं बिल उघडत नसेल, तर 200 बिलांमागे 6 मिनिटं नुसती बघण्यात जातात.

म्हणून असं बटण एकदा दाबून पास करू नये. तेच काम सलग तीसेक वेळा करायला द्यावं आणि हाताकडे बघावं. खूण पुरी होण्याआधीच बोट पुढच्या रकान्याकडे धावत असेल, तर ॲनिमेशन लांबलंय. हे विचारून कळत नाही, कारण लोक सौजन्याने ‘चांगलं आहे’ म्हणतात.

जेकब नील्सन यांच्या मते 0.1 सेकंदात आलेला प्रतिसाद तत्काळ वाटतो आणि साधारण 1 सेकंदापर्यंत विचाराची साखळी तुटत नाही. म्हणून दाबल्याचा बदल बटणावर लगेच दिसावा, चक्र मात्र थोडं थांबून. काम पाव सेकंदात झालं तर चक्र नुसतं लुकलुकतं आणि काहीतरी बिघडल्यासारखं वाटतं.

नेट बंद करूनही बघायलाच हवं. सर्व्हरचं उत्तर येण्याआधी हिरवी खूण दिसली, तर ते मला सगळ्यात गंभीर वाटतं: बिल जतन झालेलंच नसतं. खूण अर्ध्या सेकंदात उमटावी, हवी तर रेंगाळावी, पण पुढचं काम अडवू नये.