मालकाने पाठविलेले विमानाचे तिकीट कसे तपासावे?

परदेशी नोकरीला निघालेले आपले तरुण पासपोर्ट व व्हिसा दहा वेळा पाहतात. परंतु तिकीट मालकाचे असल्याने ते घडी करून खिशात ठेवतात. ते कसे वाचावे, हे आम्ही येथे एका उदाहरणाने सांगत आहोत.

समजा, एका तरुणाला सौदी अरेबियातील दमाम येथे दोन वर्षांच्या करारावर वेल्डरचे काम मिळाले आहे. मालकाने मुंबई-दमाम-मुंबई असे तिकीट पाठविले. घरच्यांना वाटले, परतीची सोय झाली.

प्रथम पाहावे, हे तिकीट आहे की नुसते आरक्षण? सहा अक्षरांचा पीएनआर म्हणजे जागा राखली आहे, एवढेच. तिकिटाचे पैसे भरले गेल्यावर १३ अंकी तिकीट क्रमांक पडतो. तो नसेल तर मुदत संपताच विमान कंपनी जागा रद्द करते. विमान कंपनीच्या संकेतस्थळावर पीएनआर व आडनाव टाकून स्वतः खात्री करावी. नाव पासपोर्टप्रमाणेच असावे.

दुसरी गोष्ट मुदतीची. बऱ्याच तिकिटांवर NVA अशी अक्षरे व पुढे तारीख असते. त्या तारखेनंतर तो प्रवास चालत नाही. तिकिटाची मुदत सहसा एक वर्षाची किंवा त्याहून कमी असते. आपल्या तरुणाचा करार तर दोन वर्षांचा आहे! म्हणजे करार संपण्यापूर्वीच हे परतीचे तिकीट बाद होणार. शिवाय जाण्याचे विमान चुकले तर पुढचा परतीचा प्रवासही बहुधा रद्द होतो, आणि परतावा मिळालाच तर तो पैसे भरणाऱ्याला, म्हणजे मालकाला मिळतो.

म्हणून परतीची खरी हमी तिकिटात नव्हे, करारात शोधावी. सौदी कामगार कायद्याच्या कलम ४० प्रमाणे नोकरी संपल्यावर मायदेशी परतीचे तिकीट मालकाने द्यावयाचे असते. मात्र कामगार कामास अपात्र ठरला किंवा रास्त कारणाशिवाय परत निघाला, तर तो खर्च त्याच्यावर येतो. करारात हे कलम आहे का, रजेचे तिकीट किती महिन्यांनी मिळेल, हे सही करण्यापूर्वी वाचावे व एक प्रत घरी ठेवावी.

शेवटी सामान. तिकिटावर 30K असेल तर सर्व बॅगा मिळून ३० किलो; 1PC असेल तर एकच बॅग, मग दुसरी हलकी असली तरी तिचे पैसे पडतात. त्या एका बॅगेचे वजन किती चालेल, हे विमान कंपनीला विचारावे. वाटेत विमान बदलायचे असेल व दोन तिकिटे वेगळी असतील तर कमी सामान नेऊ देणारे तिकीट धरूनच बॅग भरावी. हातातील बॅगेचे वजन वेगळे मोजतात. बॅग घरीच काट्यावर तोलावी. विमानतळावर जादा किलोचे पैसे मालक नव्हे, आपण भरतो.