डेंग्यूवर काहीतरी लिहून द्या

पावसाळ्यात सोसायटीत दोघांना डेंग्यू निघतो आणि सेक्रेटरी ओळखीच्या डॉक्टरांना फोन करतात, "डॉक्टरसाहेब, डेंग्यूवर काहीतरी लिहून द्या ना!" डॉक्टर दवाखाना बंद करून रात्री लिहायला बसतात. विषाणूचे चार प्रकार, दुसऱ्यांदा झालेला डेंग्यू जास्त गंभीर का होऊ शकतो, प्लेटलेट्स कशा उतरतात, असे हजारभर शब्द होतात. सगळा मजकूर अचूक असतो. सकाळी कळतं, की तो लिफ्टशेजारच्या फलकावर लावायचा होता.

असे निरोप शाळा, मंडळं, कचेऱ्या सगळीकडून येतात आणि त्यांत बहुधा तीन गोष्टी राहून जातात: वाचणार कोण, मजकूर किती हवा, कोणत्या रूपात हवा. तिन्हींची उणीव सारखी नसते.

सेक्रेटरी म्हणाले, "एका पानात बसवा," की डॉक्टर हजाराचे दीडशे शब्द करतील. पण ते दीडशे शब्दही विषाणूच्या प्रकारांवरच असतील. "मुद्दे करून द्या," म्हटलं तर त्याच माहितीपुढे एक, दोन, तीन असे आकडे पडतील. लांबी आणि रूप नंतर दुरुस्त होतं. वाचक चुकला, तर मात्र कागद फाडून नव्याने लिहावं लागतं.

फलकापुढे उभा राहणारा माणूस लिफ्टची वाट पाहत असतो. त्याच्या हातात अर्धं मिनिट असतं आणि त्याने घरी जाऊन एक काम करावं, एवढीच अपेक्षा असते. त्याच्यासाठीचा मजकूर असा होईल: 'दर रविवारी सकाळी कूलर, फ्रिजमागचा ट्रे आणि कुंड्यांखालच्या बशा रिकाम्या करा आणि आतून घासा.' यातला 'घासा' हा शब्द गाळून चालत नाही. एडिस डासाची मादी पाण्याच्या पातळीच्या जरा वर, भांड्याच्या आतल्या बाजूला अंडी चिकटवते. पाणी ओतून दिलं तरी ती तिथेच राहतात, कोरडी पडूनही काही महिने तग धरतात आणि पुन्हा पाणी भरलं की त्यांतून अळ्या बाहेर पडतात. 'दर रविवारी' का, तर अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ ते दहा दिवस लागतात. पंधरा दिवसांनी केलेली सफाई उशिराची ठरते. ही कारणं डॉक्टरांना ठाऊक असायला हवीत. फलकावर त्यांच्यातून आलेले दोन शब्द पुरेत.

आता हाच विषय गावातल्या आशाताईंसाठी लिहायचा आहे असं समजा. त्या घरोघर जातात, तापाचे रुग्ण बघतात. त्यांना हवी असते ती वेगळीच माहिती. ताप उतरला की घरचे निर्धास्त होतात, पण धोका बऱ्याचदा तेव्हाच, आजाराच्या तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या सुमारास सुरू होतो. पोटात जोरात दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, रुग्ण एकदम गळून जाणं, यांतलं काहीही दिसलं तर त्याला लगेच रुग्णालयात हलवायचं. तापावर ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन द्यायचं नाही, कारण त्याने रक्तस्राव वाढू शकतो. फलकावरच्या मजकुरातलं एकही वाक्य इथे आलेलं नाही. विषय तोच, दोन्ही कागद एकेक पानाचे, दोन्ही मुद्द्यांत मांडलेले. बदलला तो फक्त वाचणारा.

वाचक कळला की उरलेल्या दोन गोष्टी बऱ्याच अंशी आपोआप ठरतात. लिफ्टपाशी उभ्या माणसाला हजार शब्द कोणी देणार नाही आणि आशाताईंच्या पिशवीत राहणारा कागद यादीसारखाच होईल. उलट दिशेने हे जमत नाही. 'दीडशे शब्द, मुद्द्यांत' एवढ्यावरून वाचणारा कोण, याचा अंदाज बांधता येत नाही.

याला अपवाद आहे तो मोजून दिलेल्या जागेचा आणि वेळेचा. आकाशवाणीवरच्या दहा मिनिटांच्या भाषणाला हजार-अकराशे शब्द पुरतात. दीड हजार लिहून नेले, तर घाईघाईने वाचावं लागतं किंवा शेवट कापला जातो, आणि 'कधी रुग्णालयात न्यावं' हा भाग नेमका शेवटी असेल तर ऐकणाऱ्याचं खरंच नुकसान होतं. तिथे आधी मिनिटं विचारावीत. छापील अंकातल्या अर्ध्या पानाचंही तसंच.

एरवी अडचण अशी, की "कोणासाठी?" असं विचारलं की समोरून हमखास "सगळ्यांसाठी" असं उत्तर येतं. सेक्रेटरी टाळाटाळ करत नसतात. त्यांनी तसा विचारच केलेला नसतो. अशा वेळी "हे लावणार कुठे?" असं विचारलेलं चांगलं. त्याचं उत्तर त्यांच्यापाशी तयार असतं: "लिफ्टशेजारी, बोर्डावर. आणि हो, पंप चालवणारे, टाकी धुणारे काका आहेत ना, त्यांनाही एक द्यायचाय." म्हणजे मजकूर दोन लागणार. काकांच्या कागदात बशा आणि ट्रे येणार नाहीत. गच्चीवरच्या टाकीचं झाकण घट्ट बसतं का आणि हवेच्या पाइपावर जाळी आहे का, एवढंच येईल.