आदर्श वायूच्या ऊष्मागतिकीय प्रक्रिया

आदर्श वायूची अवस्था दाब (P), घनफळ (V) व निरपेक्ष तापमान (T) या तीन राशींनी निश्चित होते. एक मोल वायूच्या बाबतीत त्या PV = RT या समीकरणाने परस्परांशी निगडित असतात. येथे R हा वायुस्थिरांक असून त्याचे मूल्य दर मोलास, दर केल्व्हिनला ८·३१४ जूल आहे. वायू एका अवस्थेतून दुसरीत जात असताना यांपैकी एखादी राशी स्थिर ठेवता येते किंवा वायूला उष्णतेची देवघेव करण्यास प्रतिबंध करता येतो. त्यावरून समतापी (तापमान स्थिर), समदाबी (दाब स्थिर), समघनफळी (घनफळ स्थिर) आणि स्थिरोष्ण (उष्णतेची देवघेव नाही) असे प्रक्रियांचे चार प्रमुख प्रकार पडतात. या चारही प्रक्रियांना ऊष्मागतिकीचा पहिला नियम सारखाच लागू पडतो. तथापि दिलेल्या उष्णतेचा किती भाग कार्यात व किती भाग अंतर्गत ऊर्जेत जातो, हे प्रत्येक प्रक्रियेत वेगळे असते.

वायूला दिलेली उष्णता Q, वायूने केलेले कार्य W आणि अंतर्गत ऊर्जेतील वाढ ΔU असल्यास पहिल्या नियमाचे स्वरूप पुढीलप्रमाणे आहे :

Q = ΔU + W ... (१)

वायूकडून उष्णता बाहेर गेली तर Q ऋण आणि वायूवर कार्य केले गेले तर W ऋण मानतात. रसायनशास्त्राच्या अनेक ग्रंथांत वायूवर केलेले कार्य धन धरतात. तेथे हेच समीकरण ΔU = Q + W असे दिसते. एकाच गणितात हे दोन संकेत मिसळल्यास उत्तर चुकते, म्हणून संकेत प्रारंभीच निश्चित करावा लागतो.

अंतर्गत ऊर्जा : केवळ समीकरण (१) वरून कोणतीही प्रक्रिया सोडविता येत नाही. त्यासाठी अंतर्गत ऊर्जा कशावर अवलंबून असते हे माहीत असणे आवश्यक आहे. आदर्श वायूच्या रेणूंमध्ये परस्पर आकर्षण नसते. त्यामुळे त्यांच्यातील अंतर वाढले, म्हणजे वायूचे घनफळ वाढले, तरी त्यामुळे ऊर्जा खर्च होत नाही. अशा वायूची अंतर्गत ऊर्जा केवळ तापमानावर अवलंबून असते. स्थिर घनफळाला असणारी मोलीय विशिष्ट उष्णता Cᵥ असेल, तर एक मोल वायूसाठी

ΔU = Cᵥ (T₂ – T₁) ... (२)

हे समीकरण Cᵥ च्या साहाय्याने मांडले असले, तरी ते फक्त स्थिर घनफळाच्या प्रक्रियेपुरते मर्यादित नाही. दाब स्थिर असो वा बदलता असो, प्रारंभीचे व अंतिम तापमान तेच असेल तर ΔU तितकाच येतो. समदाबी प्रक्रियेत ΔU काढताना Cᵥ ऐवजी स्थिर दाबाची विशिष्ट उष्णता (Cₚ) वापरणे, ही या विषयात नेहमी आढळणारी चूक आहे.

चार प्रक्रियांचे उदाहरण : दट्ट्या बसविलेल्या सिलिंडरात एक मोल नायट्रोजन ३०० के. तापमानास व २ × १०⁵ पास्काल दाबाखाली आहे असे समजू. PV = RT वरून त्याचे घनफळ १२·४७ लिटर येते. नायट्रोजनाचा रेणू द्वि-आणवीय असल्याने या तापमानास Cᵥ = ५R/२, म्हणजे सु. २०·७९ जूल प्रतिमोल प्रतिकेल्व्हिन घेता येते.

(अ) समघनफळी प्रक्रिया : दट्ट्या पक्का अडकवून वायू ६०० के. पर्यंत तापविल्यास दाब दुप्पट, म्हणजे ४ × १०⁵ पास्काल होतो. दट्ट्या हलत नसल्याने W = ०. दिलेली सर्व उष्णता अंतर्गत ऊर्जेत जाते व समीकरण (२) वरून Q = ΔU = ६,२३६ जूल मिळते.

(आ) समदाबी प्रक्रिया : आता दट्ट्या मोकळा ठेवून व त्यावरील भार कायम राखून वायू पुन्हा ३०० के. पासून ६०० के. पर्यंत तापविला, तर घनफळ दुप्पट, म्हणजे २४·९४ लिटर होते. तापमानातील बदल पूर्वीइतकाच असल्याने ΔU पुन्हा ६,२३६ जूलच आहे. पण वायूने दट्ट्या ढकलून P(V₂ – V₁) = २,४९४ जूल कार्य केले आहे. म्हणून Q = ८,७३० जूल लागते.

दोन्ही प्रक्रियांतील उष्णतांचा फरक म्हणजे नेमके प्रसरणाचे कार्य होय. एक केल्व्हिन तापमानवाढीसाठी हा फरक R इतका येतो, म्हणून

Cₚ – Cᵥ = R ... (३)

याच विचारसरणीने जर्मन वैद्य यूलिउस रोबेर्ट मायर यांनी १८४२ मध्ये उष्णता व यांत्रिक कार्य यांचे सममूल्य काढले. पाण्याचे तापमान ० से. पासून १ से. पर्यंत वाढविण्यास लागणारी उष्णता ही तेवढ्याच वजनाचा पदार्थ सु. ३६५ मी. उंचीवरून खाली येताना होणाऱ्या कार्याइतकी असते, असे त्यांचे उत्तर होते. आधुनिक मूल्य सु. ४२७ मी. आहे. मायर यांची पद्धती बरोबर होती. तथापि वायूंच्या विशिष्ट उष्णतांची त्या काळी उपलब्ध असलेली मूल्ये पुरेशी अचूक नसल्याने उत्तर कमी आले.

(इ) समतापी प्रक्रिया : सिलिंडर ३०० के. तापमानाच्या मोठ्या जलकुंडात ठेवून दट्ट्यावरील भार हळूहळू कमी करीत घनफळ १२·४७ लिटरांवरून २४·९४ लिटर होऊ दिले, तर तापमान कायम राहते. म्हणून ΔU = ० आणि Q = W. दाब सतत घटत असल्याने कार्याचे मूल्य समाकलनाने काढावे लागते. ते RT logₑ (V₂/V₁) इतके, म्हणजे या उदाहरणात १,७२९ जूल आहे. ही सर्व ऊर्जा जलकुंडातून उष्णतेच्या रूपाने येते. तापमान बदलले नाही म्हणून उष्णता दिली गेली नाही, असा समज होण्याचा संभव असतो. पण येथे तापमान स्थिर राहते ते उष्णता सतत मिळत असल्यामुळेच.

(ई) स्थिरोष्ण प्रक्रिया : सिलिंडर व दट्ट्या उष्णतारोधक द्रव्यांचे करून तेच प्रसरण घडविल्यास Q = ० व W = – ΔU. वायू कार्य करतो ते स्वतःच्या अंतर्गत ऊर्जेतून, म्हणून तो थंड होतो. प्रसरणाच्या प्रत्येक सूक्ष्म टप्प्यास Cᵥ dT = – P dV हे समीकरण लावून त्यात P = RT/V घातले असता पुढील संबंध मिळतात :

TVᵞ⁻¹ = स्थिर, PVᵞ = स्थिर ... (४)

येथे γ = Cₚ/Cᵥ असून नायट्रोजनासाठी त्याचे मूल्य १·४ आहे. घनफळ दुप्पट झाल्यावर तापमान सु. २२७ के. व दाब सु. ०·७६ × १०⁵ पास्काल होतो. समतापी प्रक्रियेच्या शेवटी मात्र दाब १ × १०⁵ पास्काल असतो. वायू थंड झाल्याने दाब अधिक वेगाने घटतो आणि P–V आलेखावर स्थिरोष्ण वक्र समतापी वक्रापेक्षा अधिक उतरता दिसतो. केलेले कार्य १,५१० जूल म्हणजे समतापी कार्यापेक्षा कमी भरते.

मार्गावलंबन : स्थिरोष्ण प्रसरणानंतर दट्ट्या अडकवून वायू २२७ के. पासून पुन्हा ३०० के. पर्यंत तापविला, तर तो समतापी प्रक्रियेच्या अंतिम अवस्थेतच येतो. या तापविण्यास १,५१० जूल उष्णता लागते. म्हणजे एकाच प्रारंभिक अवस्थेतून एकाच अंतिम अवस्थेत जाताना पहिल्या मार्गाने उष्णता व कार्य प्रत्येकी १,७२९ जूल, तर दुसऱ्या मार्गाने प्रत्येकी १,५१० जूल येते. दोन्ही मार्गांनी ΔU मात्र शून्यच आहे. यावरून उष्णता व कार्य या वायूत साठविलेल्या राशी नसून मार्गावर अवलंबून असणाऱ्या देवघेवी आहेत आणि अंतर्गत ऊर्जा ही अवस्थेची राशी आहे, हे स्पष्ट होते.

सूत्रांच्या मर्यादा : समतापी कार्याचे सूत्र व समीकरण (४) वापरण्यासाठी प्रक्रिया इतकी सावकाश व्हावी लागते की, प्रत्येक क्षणी संपूर्ण वायूचा दाब व तापमान एकच मानता येईल. हे कोठे लागू पडत नाही, ते जेम्स प्रेस्कॉट जूल यांच्या १८४५ मधील प्रयोगावरून दिसते. त्यांनी तोटीने जोडलेली दोन ताम्रपात्रे पाण्यात ठेवली. एका पात्रात सु. २२ वातावरण दाबाची हवा होती, तर दुसरे निर्वात केलेले होते. तोटी उघडल्यावर हवा दोन्ही पात्रांत पसरली, पण पाण्याच्या तापमानात बदल आढळला नाही. हवेने बाहेरचे काहीही ढकलले नाही, म्हणून W = ०. उष्णतेची देवघेव नाही, म्हणून Q = ० आणि परिणामी ΔU = ०. येथे Q शून्य आहे एवढ्यावरून समीकरण (४) लावल्यास हवा थंड झाली असे चुकीचे उत्तर येईल. पहिला नियम अशा मुक्त प्रसरणासही लागू पडतो. समीकरण (४) मात्र लागू पडत नाही. अधिक सूक्ष्म मोजमाप केल्यास खऱ्या वायूत मुक्त प्रसरणाने तापमान किंचित उतरल्याचे आढळते, कारण त्याच्या रेणूंमध्ये अल्प आकर्षण असते. तसेच उच्च तापमानास नायट्रोजनाच्या रेणूंचे कंपन सुरू होत असल्याने Cᵥ चे मूल्य ५R/२ पेक्षा वाढते. वरील उदाहरणात ६०० के. जवळ ही वाढ काही टक्के असते.

प्रत्यक्ष प्रक्रियेचा प्रकार ओळखणे : एखादी प्रक्रिया समतापी की स्थिरोष्ण, हे उष्णता आतबाहेर जाण्यास लागणाऱ्या वेळाशी तुलना करून ठरते. सायकलच्या पंपाचे तोंड दाबून दट्ट्या झटक्याने आत ढकलला, तर उष्णतेला निसटण्यास अवधी मिळत नाही व हवा तापते. तोच दट्ट्या अगदी सावकाश ढकलल्यास हवा जवळजवळ सभोवतालच्या तापमानासच राहते. ध्वनीच्या बाबतीत हा भेद मोजून पाहता येतो. आयझॅक न्यूटन यांनी १६८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात ध्वनिवेगाचे जे गणित केले, त्यात हवेचा दाब घनतेच्या सम प्रमाणात बदलतो, म्हणजे आजच्या भाषेत ध्वनितरंगातील आकुंचन-प्रसरण समतापी असते, असे गृहीत होते. त्या गृहीताप्रमाणे ० से. तापमानाच्या हवेतील वेग √(P/ρ), म्हणजे सेकंदाला सु. २८० मी. येतो (ρ ही हवेची घनता). प्रत्यक्ष वेग सु. ३३१ मी. आहे. तरंगातील दाबाचे चढउतार इतक्या जलद होतात की, दाबलेल्या थरातील उष्णता शेजारच्या विरळ थरात पोहोचू शकत नाही, हे प्येअर सीमाँ लाप्लास यांनी दाखविले आणि १८१६ मध्ये त्यानुसार दुरुस्त सूत्र दिले. P च्या जागी γP घेतल्यास वेग √१·४ पट, म्हणजे सु. ३३१ मी. मिळतो. मोजलेल्या वेगाशी हा आकडा जुळत असल्याने ध्वनितरंगातील प्रक्रिया स्थिरोष्ण असल्याचे सिद्ध होते, तसेच ध्वनिवेग मोजून एखाद्या वायूच्या γ चे मूल्य काढण्याचा मार्गही उपलब्ध होतो.