शेजारी खोल खोदकाम सुरू झालं, तर जुन्या भिंतीखाली नवा पाया कसा घालतात?

शेजारची जुनी चाळ पडली आणि तिथे बेसमेंटसाठी खोदकाम सुरू झालं. तुमच्या इमारतीची भिंत अगदी हद्दीला लागून आहे. तिचा पाया 1.5 मीटर खोल आहे आणि शेजारचा खड्डा 3 मीटरपर्यंत जाणार आहे. मग धोका नेमका कुठे आहे?

पायावरचं वजन खालच्या मातीत फक्त सरळ खाली जात नाही, ते बाजूलाही पसरतं. बाजूची माती काढली की पायाखालची माती मोकळ्या बाजूला सरकते आणि भिंत खचते. म्हणून शेजारचं खोदकाम खोल जाण्याआधीच जुन्या पायाखाली काँक्रीट भरून तो नव्या खोलीपर्यंत नेतात. याला अंडरपिनिंग म्हणतात.

सगळं एकदम का खोदत नाहीत?

संपूर्ण भिंतीखालची माती एकदम काढली तर भिंत अधांतरी राहील. पण थोड्याच लांबीची माती काढली, तर वरचं बांधकाम कमानीसारखं काम करतं आणि वजन दोन्ही बाजूंच्या मातीवर टाकतं. म्हणून एक खड्डा साधारण 1 ते 1.2 मीटर लांबीचाच ठेवतात.

समजा भिंत 6 मीटर लांब आहे. तिचे 1.2 मीटरचे पाच भाग होतात. ते 1, 3, 5, 2, 4 या क्रमाने, एका वेळी एकच खोदतात. त्यामुळे लागोपाठचे दोन खड्डे कधीच शेजारी येत नाहीत.

प्रत्येक खड्ड्यात मातीला फळ्यांचा आधार देऊन 3 मीटरपर्यंत खोदतात आणि काँक्रीट भरतात. मात्र जुन्या पायाच्या खाली सुमारे 75 मिलिमीटर फट मुद्दाम सोडतात, कारण काँक्रीट सुकताना किंचित आकसतं. निदान एक दिवसानंतर या फटीत जेमतेम ओलसर सिमेंट-वाळूचं मिश्रण ठासून भरतात. भिंतीचं वजन खऱ्या अर्थाने इथूनच नव्या पायावर येतं. फट नीट भरली नाही, तर तेवढी भिंत नंतर खाली बसते. हे मिश्रण घट्ट झाल्यावरच पुढचा खड्डा उघडतात. एका खड्ड्याला चार दिवस धरले, तरी पाच भागांना जवळपास तीन आठवडे लागतात. घाई झाली की इथेच चूक होते.

धोका कसा ओळखायचा?

काम सुरू होण्याआधी जुन्या भेगांचे तारखेसह फोटो काढून ठेवा. भेगेवर काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांना पक्की चिकटवतात. ती तडकली तर भिंत हलते आहे. दारं-खिडक्या अचानक अडकू लागणं हीसुद्धा खूण आहे. अशा वेळी खोदकाम थांबवून स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवायला हवं.

ही पद्धत सगळीकडे चालत नाही. चुना झडलेल्या दगडी भिंतीत कमान होत नाही, आणि पाणी भरलेल्या वाळूत खड्डा उभाच राहत नाही. तिथे पाइल्ससारखा दुसरा उपाय लागतो.

कायदा काय सांगतो?

भारतीय सुविधाधिकार कायदा, 1882 नुसार, इमारतीला शेजारच्या जमिनीचा आधार हक्क म्हणून सलग 20 वर्षं विनाअडथळा मिळाला असेल, तर तो कायम राहण्यासाठी दावा करता येतो.